विश्लेषण : दोन परीक्षकांचे जुळले की नाही? गुणतक्त्याचा फोटो काय सांगतो, काय सांगत नाही?

एकांकिका स्पर्धेचा निकाल लागतो आणि तासाभरात परीक्षकांच्या गुणतक्त्याचा फोटो ग्रुपवर फिरू लागतो. कोणीतरी एका आकड्याभोवती लाल वर्तुळ काढलेले असते. ‘एकाने ७४ दिले, दुसऱ्याने ८८, हे काय परीक्षण आहे?’ असा प्रश्न त्याखाली असतो आणि दहाव्या संदेशापर्यंत चर्चा ‘सेटिंग’वर पोहोचलेली असते. खरे तर ७४ आणि ८८ या दोन आकड्यांची थेट तुलना करून काहीच कळत नाही. दोन परीक्षकांचे मत जुळले का, हे मोजण्याची एक जुनी, सोपी आणि मोबाइलवर पाच मिनिटांत होणारी रीत आहे. ती वापरली तर वाद मिटेलच असे नाही. मात्र तो योग्य मुद्द्यावर येतो, आणि तो मुद्दा बहुतेक वेळा परीक्षकांच्या प्रामाणिकपणाचा नसून आयोजकांच्या बेरजेचा असतो.

गुणांऐवजी क्रम का पाहायचा?

प्रत्येक परीक्षकाची स्वतःची मोजपट्टी असते. एखादा परीक्षक हात आखडून गुण देतो. त्याच्या लेखी ६९ म्हणजे सामान्य आणि ७८ म्हणजे उत्तम. दुसरा मोकळेपणाने देतो. त्याच्या कागदावर ४५ही असतात आणि ८८ही. दोघांनी एकच प्रयोग पाहिला, दोघांनाही तो सारखाच आवडला, तरी आकडे वेगळे येणारच. पण ‘यातला सर्वांत चांगला कोणता, त्याखालोखाल कोणता’ हा प्रश्न विचारला की मोजपट्टीचा फरक गळून पडतो. उरतो तो फक्त क्रम.

दोन क्रम किती जुळतात हे एका आकड्यात सांगण्याची रीत इंग्रज मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये मांडली. तिला स्पिअरमनचा क्रम-सहसंबंध गुणांक म्हणतात. वाणिज्य शाखेत संख्याशास्त्र शिकलेल्या अनेकांना तो परीक्षेपुरता आठवत असेल. दोघांचे क्रम तंतोतंत सारखे असतील तर उत्तर १ येते, तंतोतंत उलटे असतील तर उणे १, आणि दोघांचा एकमेकांशी काहीच मेळ नसेल तर शून्याच्या आसपास.

तक्ता कसा दिसतो?

समजावण्यासाठी एक तक्ता घेऊ. तो कोणत्याही प्रत्यक्ष स्पर्धेचा नाही. मात्र असे तक्ते पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. आठ एकांकिका, दोन परीक्षक, प्रत्येकी १०० गुण.

| एकांकिका | पहिले परीक्षक | दुसरे परीक्षक | एकूण |
|---|---|---|---|
| अ | ७८ | ७० | १४८ |
| ब | ७४ | ८८ | १६२ |
| क | ७६ | ७४ | १५० |
| ड | ७१ | ५२ | १२३ |
| इ | ७५ | ६३ | १३८ |
| फ | ६९ | ४५ | ११४ |
| ग | ७२ | ६६ | १३८ |
| ह | ७४ | ५८ | १३२ |

निकाल बेरजेवर लागला : ‘ब’ पहिली, ‘क’ दुसरी, ‘अ’ तिसरी. ‘अ’च्या कलाकारांची तक्रार अशी की पहिल्या परीक्षकांनी आम्हाला पहिले ठरवले होते आणि ‘ब’ तर त्यांच्या यादीत पहिल्या तिनातही नव्हती. तक्ता पाहता ही गोष्ट खरीच आहे. मग दोघा परीक्षकांचे मत जुळले की नाही?

क्रम लावताना काय सांभाळायचे?

सर्वाधिक गुण त्याला क्रम १, असे दोन्ही स्तंभांत वेगवेगळे क्रम लावायचे. पहिल्या परीक्षकांच्या स्तंभात ‘ब’ आणि ‘ह’ यांना सारखेच ७४ आहेत. चौथी आणि पाचवी जागा या दोघींची मिळून आहे, म्हणून दोघींना साडेचार हा क्रम द्यायचा. इथे अनेक जण दोघींनाही ४ देतात आणि पुढच्याला ६. बक्षीस वाटताना ते चालते, पण या हिशेबात चालत नाही. तपासणी सोपी आहे : आठ स्पर्धकांच्या क्रमांची बेरीज दोन्ही स्तंभांत ३६च यायला हवी. दोघींना ४ दिलेत तर ती ३५ येते आणि चूक लगेच हाती लागते.

| एकांकिका | पहिल्यांचा क्रम | दुसऱ्यांचा क्रम | फरक | फरकाचा वर्ग |
|---|---|---|---|---|
| अ | १ | ३ | −२ | ४ |
| ब | ४.५ | १ | ३.५ | १२.२५ |
| क | २ | २ | ० | ० |
| ड | ७ | ७ | ० | ० |
| इ | ३ | ५ | −२ | ४ |
| फ | ८ | ८ | ० | ० |
| ग | ६ | ४ | २ | ४ |
| ह | ४.५ | ६ | −१.५ | २.२५ |

फरकांची बेरीज शून्य आली पाहिजे. ती आली आहे. म्हणूनच नुसत्या फरकांच्या बेरजेचा उपयोग नसतो आणि वर्ग घ्यावे लागतात. वर्गांची बेरीज २६.५.

सूत्रातला तो ६ कुठून आला?

सूत्र असे आहे :

```
ρ = 1 − 6Σd² / (n(n² − 1))
```

यात `n` म्हणजे स्पर्धकांची संख्या आणि `Σd²` म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज. पाठ करताना त्यातला ६ आकाशातून पडल्यासारखा वाटतो. पण एका परीक्षकाने प्रयोग न पाहता नुसत्या चिठ्ठ्या टाकून क्रम लावले असते तर वर्गांची बेरीज सरासरी किती आली असती, असा प्रश्न विचारून पाहा. आठ स्पर्धकांसाठी त्याचे उत्तर ८४ आहे. आठ गुणिले ६३ म्हणजे ५०४, त्याला सहाने भागले की ८४. म्हणजे सूत्र सांगते ते एवढेच : चिठ्ठ्या टाकून जितका गोंधळ झाला असता, त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात किती झाला? आपल्याकडे ८४ऐवजी २६.५ आहे, म्हणजे सुमारे ३२ टक्के. १ मधून ते वजा केले की ०.६८ उरतात.

सारखे गुण मिळालेले स्पर्धक असतील तर हे सूत्र किंचित चुकते. तेव्हा क्रमांच्या दोन स्तंभांचा नेहमीचा सहसंबंध काढावा. आपल्या तक्त्यात सूत्राने ०.६८५ येतात आणि अचूक रीतीने ०.६८३. एका जोडीने फरक पडत नाही. पण परीक्षकाने दहापैकी सहा जणांना सारखेच गुण दिले असतील तर तो मोठा होतो.

मोबाइलवरच्या शीटमध्ये ‘अ’पासूनचे गुण B आणि C स्तंभांत दुसऱ्या ओळीपासून, इंग्रजी अंकांत टाका. D2 मध्ये पहिली ओळ लिहा, तिची नक्कल E2 मध्ये आणि खाली नवव्या ओळीपर्यंत करा. मग कोणत्याही रिकाम्या घरात दुसरी ओळ लिहा :

```
=RANK.AVG(B2,B$2:B$9)
=CORREL(D2:D9,E2:E9)
```

फोटोतला एक अंक काय उत्पात करतो?

आता फोटोकडे येऊ. हाताने लिहिलेल्या देवनागरी अंकांत १ आणि ९ यांचा घोटाळा सर्वांत जास्त होतो. शेपटी थोडी लांबली, फोटो जरा तिरका आला की ७१चे ७९ दिसतात. आपल्या तक्त्यात ‘ड’ला पहिल्या परीक्षकांनी दिलेले ७१ कोणी ७९ असे वाचले, तर ‘ड’ सातव्या क्रमावरून थेट पहिल्या क्रमावर जाते, बाकी बहुतेकांचे क्रम एकेकाने खाली सरकतात आणि वर्गांची बेरीज २६.५वरून ६८.५ होते. गुणांक ०.६८वरून ०.१८वर कोसळतो. म्हणजे ‘बऱ्यापैकी एकमत’ असलेले परीक्षक एका अंकाच्या शेपटीमुळे ‘एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले’ ठरतात!

यावर उपाय फोटोतच असतो. एकूण गुणांचा स्तंभ आपण वाचलेल्या आकड्यांवरून पुन्हा जुळवून पाहा. ७९ आणि ५२ यांची बेरीज १३१ होते, कागदावर मात्र १२३ आहे. न जुळणारी ओळ हीच संशयाची ओळ. आधी आपले वाचन तपासा. वाचन बरोबर असूनही बेरीज जुळत नसेल, तर आयोजकांची बेरीज चुकली आहे, आणि तो मुद्दा सहसंबंधापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आणखी दोन सापळे आहेत. पहिला, फोटोत खालच्या एक-दोन ओळी कापल्या गेलेल्या असणे. अशा वेळी दिसणाऱ्या ओळींवरून काढलेला गुणांक पूर्ण स्पर्धेचा नसतो. आपल्या तक्त्यातून नुसती ‘फ’ची ओळ कापली तर दोघांचे एक पक्के एकमतच हिशेबातून गळते. दुसरा, एका परीक्षकाच्या कागदावर गुण आणि दुसऱ्याच्या कागदावर थेट क्रम असणे. गुणांत मोठा आकडा चांगला, क्रमात लहान आकडा चांगला. ते तसेच एकत्र केले की उत्तराचे चिन्ह उलटते आणि परीक्षक एकमेकांच्या विरुद्ध वागले असे भासते. उत्तर ठळकपणे उणे आले तर आरोप करण्याआधी ही दिशा तपासा.

०.६८ म्हणजे चांगले की वाईट?

हे स्पर्धकांच्या संख्येवर अवलंबून आहे. पाच स्पर्धक असतील तर त्यांचे क्रम एकूण १२० प्रकारे लागू शकतात. त्यांतल्या २१ प्रकारांत गुणांक ०.६ किंवा त्याहून अधिक येतो. म्हणजे परीक्षकाने डोळे मिटून चिठ्ठ्या काढल्या तरी जवळपास सहांतून एकदा ‘०.६चे एकमत’ दिसेल. पाच जणांच्या अंतिम फेरीत या आकड्यावरून कोणाची पाठ थोपटू नये आणि कोणाला झोडपूही नये.

आठ स्पर्धक असतील तर चिठ्ठ्यांनी ०.६४ किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात सुमारे पाच एवढीच राहते. आपले ०.६८ त्याच्या पुढे आहेत. तेव्हा हे एकमत योगायोगाचे आहे असे म्हणणे कठीण आहे. दोघांनी एकच स्पर्धा पाहिली आणि साधारण सारख्याच नजरेने पाहिली. तळाच्या ‘ड’ आणि ‘फ’बद्दल दोघांचे तंतोतंत जमले. दुमत आहे ते मुख्यतः ‘ब’बद्दल, वर्गांच्या २६.५ बेरजेपैकी १२.२५ एकट्या ‘ब’चे आहेत. गुणांक काढल्यावर नेहमी हा शेवटचा स्तंभ पुन्हा पाहावा. दुमत सगळीकडे थोडे थोडे पसरले आहे की एकाच नावावर साठले आहे, हे एका आकड्यात दिसत नाही. ते तिथेच दिसते.

मग ‘अ’ची तक्रार खोटी आहे का?

नाही, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. परीक्षकांचे जुळले म्हणजे निकाल रास्त ठरला, असे होत नाही. पहिल्या परीक्षकांचे सर्व गुण ६९ ते ७८ या पट्ट्यात आहेत. सर्वोत्तम आणि सर्वांत कच्च्या प्रयोगात त्यांनी फक्त ९ गुणांचा फरक ठेवला. दुसऱ्या परीक्षकांनी आपल्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमातच १४ गुणांचे अंतर ठेवले. आता अशी कल्पना करा की पहिल्या परीक्षकांना ‘ब’ अजिबात आवडली नसती आणि त्यांनी तिला त्यांचे सर्वांत कमी गुण, म्हणजे ६९, दिले असते. तरी बेरीज १५७ झाली असती आणि ‘ब’ १५०वाल्या ‘क’च्या पुढेच राहिली असती. पहिल्या परीक्षकांनी तिला पहिले ठेवले असते काय किंवा शेवटचे, चषक तिचाच होता. पहिल्या क्रमांकापुरते या स्पर्धेला दोन परीक्षक नव्हतेच, एकच होते.

हे स्पिअरमनच्याच रीतीने दाखवता येते. प्रत्येक परीक्षकाचा क्रम अंतिम निकालाच्या क्रमाशी ताडून पाहा. दुसऱ्या परीक्षकांचा गुणांक ०.९९ येतो, पहिल्यांचा ०.७२. निकालात दोघांचेही गुण मिसळलेले असल्याने दोन्ही आकडे मोठे येणे अपेक्षितच आहे. पाहायची ती त्यांच्यातली दरी. ०.९९चा अर्थ असा की अंतिम यादी ही जवळजवळ दुसऱ्या परीक्षकांचीच यादी आहे. फोटो हाती आलेल्याने लाल वर्तुळ काढायचेच असेल तर ते या दोन आकड्यांभोवती काढावे.

यात कोणाची लबाडी नाही. एकाने गुण आवळून दिले, दुसऱ्याने पसरून दिले आणि आयोजकांनी विचार न करता बेरीज केली. जो गुण पसरून देतो त्याचे मत बेरजेत जड होते, एवढाच याचा अर्थ. मात्र कोणी हे जाणून मुद्दाम करू शकतो, हेही तितकेच खरे. आवडत्याला ८८ आणि प्रतिस्पर्ध्याला ७० देणे हा नियमात बसणारा प्रकार आहे.

गुणांऐवजी क्रमांचीच बेरीज केली तर?

तर निकाल बदलतो. ‘अ’चे क्रम १ आणि ३, बेरीज ४. ‘क’चे २ आणि २, बेरीज ४. ‘ब’चे ४.५ आणि १, बेरीज ५.५. म्हणजे ‘अ’ आणि ‘क’ पहिल्या जागी बरोबरीत, ‘ब’ तिसरी. यात दोन्ही परीक्षकांचे वजन सारखे राहते. पण याचीही किंमत आहे. ‘ब’ खरोखरच इतरांपेक्षा चार हात वर असेल आणि दुसऱ्या परीक्षकांनी ८८ देऊन तेच सांगितले असेल, तर क्रम ती गोष्ट पुसून टाकतो. क्रमाला पहिला आणि दुसरा एवढेच कळते. पहिला किती पुढे, हे कळत नाही. शिवाय बरोबरी वारंवार होते आणि ती कशी फोडायची हे आधी ठरवावे लागते.

क्रमपद्धती आली की संशय संपतो, असेही नाही. फिगर स्केटिंगमध्ये अनेक दशके परीक्षकांच्या गुणांवरून क्रम काढून निकाल लागत असे. २००२च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत रशियन जोडी नऊपैकी पाच परीक्षकांच्या कौलाने जिंकली, त्यातल्या एका परीक्षकावर दबावाचा ठपका आला आणि शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर ती गुणपद्धतच बदलण्यात आली. तिथे प्रश्न आकडेमोडीचा नव्हता, आणि आकडेमोडीने तो सापडलाही नसता. गुणांक फक्त एकमत मोजतो. दोघांनी मध्यंतरात चहा पिताना आपसांत ठरवून गुण दिले तर गुणांक १ येईल. एकाने लेखनाला आणि दुसऱ्याने अभिनयाला महत्त्व दिले तर तो खाली येईल. पहिली गोष्ट गैर आहे, दुसरी नाही. म्हणून कमी गुणांक हा पक्षपाताचा पुरावा नव्हे आणि जास्त गुणांक हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे.

मग करायचे काय?

आयोजकांकडून तीन गोष्टींची मागणी करणे रास्त आहे. पहिली, गुण कसे एकत्र करणार, बेरीज की क्रम, आणि बरोबरी कशी फोडणार, हे पडदा उघडण्यापूर्वी प्रवेशपत्रिकेवरच छापावे. दुसरी, बेरीजच करायची असेल तर दोघांनी सारखा पट्टा वापरावा, म्हणजे आपल्या सर्वोत्तम आणि सर्वांत कच्च्या प्रयोगातले अंतर साधारण एवढे ठेवावे, हे परीक्षकांना आधी सांगावे. तिसरी, निकालासोबत दोन्ही परीक्षकांचे स्वतंत्र गुण नीट टंकलेल्या तक्त्यात द्यावेत. चोरून काढलेला तिरका फोटो फिरतो, कारण सरळ तक्ता कोणी देत नाही.

आणि फोटो पुढे ढकलणाऱ्यांनी? बेरजा जुळवाव्यात, क्रम लावावेत, गुणांक काढावा आणि मग प्रत्येक परीक्षकाचा निकालाशी असलेला गुणांकही काढावा. आपल्या तक्त्यातल्या ‘अ’च्या कलाकारांना परीक्षकांवर रागावण्याचे कारण नाही. आयोजकांना मात्र त्यांनी हा प्रश्न जरूर विचारावा : एका परीक्षकाचे मत पहिल्या क्रमांकासाठी मोजलेच जाणार नव्हते, तर त्यांना आठही प्रयोग पाहायला बसवले कशासाठी?